फी सवलतीच्या अर्जात रडगाणं नको, हिशेब हवा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ऑर्डरी घटल्या की आधी कॉन्ट्रॅक्टवरची पोरं घरी बसतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत मजगाव-अनगोळकडचे पालक शाळेच्या ऑफिसात दिसू लागतात. मी विनाअनुदानित शाळेच्या फी काउंटरवर बसूनच निवृत्त झालो, त्यामुळे असे अर्ज भरपूर हाताळलेत. बहुतेक अर्ज एकाच साच्यातले: 'माझी परिस्थिती अत्यंत हलाखीची असून तरी कृपया फी माफ करावी ही नम्र विनंती.' वाचून वाईट वाटतं, पण त्यावर करायचं काय हे कुणालाच कळत नाही. मग तो अर्ज फाईलला लागतो.

पालकांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. फी माफ करणं मुख्याध्यापकांच्या हातात नसतं, ते संस्थेच्या कमिटीकडे असतं. मुख्याध्यापकांच्या हातात असते ती मुदत. हप्ते पाडून देणं किंवा लेट फी सोडणं बऱ्याच शाळांत त्यांच्या सहीवर होतं. म्हणून अर्जात या दोन मागण्या वेगवेगळ्या लिहायच्या. एकत्र लिहिल्या तर मुदतही कमिटीची मीटिंग होईपर्यंत लटकते. आणि विनाअनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार फीतूनच निघतात, त्यामुळे 'शाळेला काय कमी आहे' हा सूर तर अजिबात नको.

गेल्या वर्षी शेजारचा एक मुलगा आला. सीएनसी ऑपरेटर, सप्टेंबरात काम सुटलं, मुलगी सातवीत. 'काका, तुम्हीच लिहून द्या.' म्हटलं, लिही तू, मी सांगतो. वर्षाची फी 30,000, त्यातले 15,000 जूनमध्ये भरलेले. उरलेले 15,000 दसऱ्याच्या सुट्टीनंतर द्यायचे. आम्ही लिहिलं ते असं:

'मा. मुख्याध्यापिका यांस,
माझी मुलगी आपल्या शाळेत सातवीत शिकते. सप्टेंबरअखेर माझी नोकरी गेली, कंपनीचं पत्र सोबत जोडलं आहे. माझा पगार 18,000 रुपये होता. सध्या घरात पत्नीच्या शिलाईचे महिना सुमारे 5,000 येतात. पहिला हप्ता वेळेत भरला आहे, पावतीची झेरॉक्स जोडली आहे. दुसऱ्या हप्त्याचे 15,000 एकदम भरणं मला शक्य नाही.
1) आपल्या स्तरावर: लेट फी न लावता डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारीच्या 10 तारखेपर्यंत प्रत्येकी 3,000 भरण्याची परवानगी द्यावी.
2) उरलेल्या 6,000 रुपयांच्या सवलतीसाठी माझा अर्ज आपल्या शिफारशीसह कमिटीपुढे ठेवावा.
ही सवलत फक्त या वर्षापुरती मागत आहे. नोकरी लागल्यास लगेच कळवीन.'

बस्स, एक पान. बाई कन्नड, कमिटीतले बरेचसे मराठी, म्हणून अर्ज मराठीत आणि सोबत कन्नडमध्ये चार ओळींचा गोषवारा. आपल्याकडे एवढं करावंच लागतं.

त्याला 'पुढच्या तारखांचे चेक देऊ का?' असंही वाटत होतं. मी साफ नको म्हटलं. पगार बंद असताना दिलेला चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. फीची अडचण राहते बाजूला आणि कोर्टाच्या तारखा मागे लागतात. दुसरं कुणीतरी त्याला आरटीईची धमकी घालायला सांगितलेलं. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही हे खरंच आहे, कायद्याचं कलम 16 तेच सांगतं. पण फी त्यानं माफ होत नाही, आणि जिची शिफारस हवी तिलाच पहिल्या अर्जात कायदा कशाला दाखवायचा? मुलीला वर्गाबाहेर उभं केलं असतं, तर मात्र मीच तसं लिहून दिलं असतं.

अर्ज हप्त्याची तारीख उलटायच्या आधी दिला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतला. शिपायाच्या हातात अर्ज देऊन घरी येणारे पालक मी पाहिलेत, नंतर 'दिला होता' हे सिद्ध करता करता त्यांच्या नाकी नऊ येतात.

बाईंनी हप्ते त्याच आठवड्यात मान्य केले, लेट फीही सोडली. कमिटीनं 6,000 ऐवजी 4,000 ची सवलत दिली. म्हणजे भरायचे 11,000: 3,000 चे तीन हप्ते आणि मार्चमध्ये 2,000. पोरगा जरा नाराज झाला. मला विचाराल तर हा चांगला निकाल होता, कारण कमिट्या मागितलेला आकडा सहसा जशाच्या तसा देत नाहीत.

यानंतरचं एक काम लोक हमखास विसरतात. सवलत तोंडी मिळाली तर फीच्या खात्यावर ते 4,000 बाकीच दिसतात. जूनमध्ये काउंटरवर नवा क्लार्क 'मागील बाकी' म्हणून तेच मागतो, तेव्हा मीटिंगमध्ये काय ठरलं हे सांगणारं कुणी समोर नसतं. म्हणून मंजुरीचं पत्र मागून घ्या, आणि शेवटच्या पावतीवर 'सवलत रु. 4,000, बाकी निरंक' असं लिहून सही-शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.