‘भरवसा नाही’ : एका ओळीवरच्या आक्षेपाला उत्तर

प्रतिक्रिया : “मागच्या लेखात तुम्ही ‘कडी’ ही कविता संपादनाआधीची आणि नंतरची अशी दाखवलीत. खरं सांगते, मला मूळचीच आवडली. ‘नाही’ हा शब्द एकटा खालच्या ओळीत टाकून तुम्ही उगाच नाट्य आणलंत. ‘मनाच्या दाराला’च्या ओळी कापल्यात आणि तिथे स्वतःची ओळ घुसवलीत. पुनरुक्ती खटकत होती, तर बाकीच्या सात कड्या कशा चालल्या? कवी जिथे ओळ तोडतो तिथे त्याचा श्वास असतो. तिथे हात घालायचा अधिकार संपादकाला कुणी दिला?”

‘नाही’बद्दल तुमचं बरोबर आहे. ती ओळ मी आज पुन्हा जोडली, कवयित्रीला तसं कळवलं आणि मागच्या लेखातही दुरुस्ती केली. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी, कवयित्रीच्या परवानगीने, आधी मूळ कविता देतो.

बाबा रात्री तीनदा उठतात
आणि दाराची कडी लावली आहे का बघतात
कडी लावलेली असते
तरी ते बघतात
आई असताना ते कधीच उठत नव्हते
कडी आईच लावायची आता कडी मी लावते
आणि बाबांना माझ्या कडीचा भरवसा नाही
काळोखात कडीचा आवाज होतो
जणू एकटेपणाची कडी
मनाच्या दाराला लागलेली
सकाळी दार उघडताना
कडी गरम असते

श्वासापासून सुरुवात करतो, कारण ओळ श्वासावर तुटते हे मलाही मान्य आहे. प्रश्न एवढाच की तो श्वास शोधायचा कुठे. कागदावरची ओळ आणि कवीच्या तोंडची ओळ दर वेळी एकच असते असं नाही. लिहिताना हात पुढे धावतो, कधी वाक्य संपलं म्हणून ओळ संपते, तर कधी नुसती जागा संपते. म्हणून मुक्तछंदातली कविता हातात आली की मी पेन्सिल उचलण्याआधी कवीला ती मोठ्याने वाचायला सांगतो. एकदा नाही, तीनदा, वेगवेगळ्या दिवशी, आणि तीनही वाचनं रेकॉर्ड करतो. मग कविता ओळी न पाडता सलग लिहून काढतो आणि आवाज जिथे थांबला तिथे तिरकी रेघ मारतो. तीनही वाचनांत जी रेघ त्याच जागी पडते ती कवीची ओळ. एखाद्याच वाचनात पडलेली रेघ त्या दिवसाची असते.

या कवितेत सहाव्या ओळीच्या मधोमध, ‘लावायची’नंतर, तीनही वेळा रेघ पडली. लिहिताना दोन वाक्यं एका ओळीत आली होती, वाचताना ती कधीच एकत्र आली नाहीत. म्हणून मी तिथे ओळ तोडली:

कडी आईच लावायची
आता कडी मी लावते

आता ‘लावायची’ आणि ‘लावते’ एकाखाली एक आली. एका क्रियापदाच्या दोन काळांमध्ये घरातलं एक माणूस गेलं आहे, आणि ते गेल्याचं कवितेत दुसरीकडे कुठेही थेट म्हटलेलं नाही. ओळ जोडलेली होती तेव्हा ही जागा नजरेतून निसटत होती. हा बदल कवयित्रीने पाहता क्षणी मान्य केला.

पण याच जागी मी एक चूक करायला निघालो होतो, ती तुम्हाला दिसली नाही कारण ती छापली गेली नाही. ‘आता कडी मी लावते’ ही ओळ मोजली तर बरोबर आठ अक्षरांची भरते. वरची नऊ अक्षरांची. वरच्या ओळीतला ‘च’ काढला, ‘कडी आई लावायची’ केलं, की दोन्ही आठ-आठ होतात आणि कानाला लगेच अष्टाक्षरीचा ठेका लागतो. मराठी कानाला त्या ठेक्याची इतकी सवय आहे की हात आपोआप तिकडे वळतो. मी तो ‘च’ खोडलाही होता. मग रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. तीनही वेळा कवयित्रीने जोर त्या ‘च’वर दिला होता. ‘आई लावायची’ ही नुसती माहिती झाली. ‘आईच लावायची’ म्हटलं की तो हक्क तिचा होता, दुसऱ्या कुणाच्या हाताला तिथे जागाच नव्हती, आणि म्हणूनच पुढे मुलीच्या कडीचा भरवसा वाटत नाही. म्हणजे ठेक्यासाठी मी कवितेचं कारणच काढून टाकत होतो. कविता मुळात अष्टाक्षरीत असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे अक्षरसंख्येचा करार कवीने स्वतः केलेला असतो, आणि नववं अक्षर दिसलं तर विचारायलाच हवं. मुक्तछंदात मधेच दोन ओळी छंदात पडल्या तर त्या मुद्दाम पाडल्या आहेत का, हे आधी बघावं लागतं.

अक्षरं मोजण्याचा आणखी एक धोका आहे. ‘बघतात’ लिहिताना चार अक्षरं, पण बोलताना ‘बघ्-तात’ असे दोनच ठोके. ‘उठतात’चंही तसंच. अभंग म्हणताना आपण प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारतो, म्हणून तिथे मोजणी जुळते. बोलीच्या लयीवर चालणाऱ्या कवितेत मधला आणि शेवटचा ‘अ’ गळून जातो. कागदावर मोजून लांब वाटलेली ओळ तोंडात आखूड असू शकते. म्हणून ‘आणि दाराची कडी लावली आहे का बघतात’ ही सगळ्यात लांब दिसणारी ओळ मी तोडली नाही. तीनही वाचनांत ती एका दमात आली होती. तिच्यामागून ‘कडी लावलेली असते’ आणि मग ‘तरी ते बघतात’ अशा ओळी आखडत जातात, जणू माणूस दारापाशी येऊन थांबतो.

आता ‘नाही’. मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे त्याच्या आधी ओळ तोडणं हे फार हाताशी असलेलं आणि फार मोहात पाडणारं हत्यार आहे. ‘ती आता वाट पाहत / नाही’ असं तोडलं तर क्षणभर वाट पाहणारी बाई डोळ्यांसमोर उभी राहते आणि पुढच्या ओळीत पुसली जाते. तिथे तोडण्याला अर्थ आहे, कारण पुसलं जाण्याआधी काहीतरी दिसलेलं असतं. ‘बाबांना माझ्या कडीचा भरवसा / नाही’ यात आधी दिसण्यासारखं काहीच नाही. शिवाय बाबा तीनदा उठून बघतात हे पहिल्याच ओळींत सांगून झालेलं आहे. भरवसा नाही हे वाचकाला ठाऊकच आहे, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी त्याला ताटकळत ठेवलं की खोटा सूर लागतो. तुम्हाला जे नाट्य वाटलं ते हेच. रेकॉर्डिंगमध्ये तिथे एकदाही रेघ पडली नव्हती. पुरावा माझ्या हातात होता आणि मी डोळ्यांना छान दिसतं म्हणून ओळ तोडली. कवयित्रीने तेव्हा हरकत घेतली नाही, पण आज विचारलं तर म्हणाली, “मला तिथे तक्रार करायची नव्हती, फक्त सांगायचं होतं.” हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

कड्यांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मूळ कवितेत ‘कडी’ आठ वेळा येते. एखादा शब्द इतक्यांदा आला की संपादकाचा हात पर्यायी शब्दाकडे जातो, आणि मग कुठे ‘अडसर’, कुठे ‘कुलूप’, कुठे नुसतं ‘ती’ अशी रंगरंगोटी होते. तसं केलं की कवितेत दोन-तीन वेगवेगळ्या वस्तू तयार होतात आणि जी एक वस्तू घट्ट धरून कविता चालली होती ती सुटते. म्हणून मी किती वेळा आली हे बघत नाही. प्रत्येक वेळी काय बदललं, एवढंच बघतो. या कवितेत त्यासाठी समासात एकच प्रश्न लिहिला होता: या कडीवर हात कुणाचा?

पहिल्या दोन कड्यांवर बाबांचा चाचपणारा हात आहे. तिसरीवर आईचा, चौथीवर मुलीचा. पाचव्या कडीत मुलीच्या हातावर अविश्वास आहे. सहावी कडी फक्त ऐकू येते: मुलगी अंथरुणात जागी आहे आणि हात दिसत नाही, आवाज येतो. शेवटची कडी गरम आहे, म्हणजे हात आत्ताच निघून गेला आहे. राहिली सातवी, ‘एकटेपणाची कडी’. तिच्यावर कुणाचाच हात नाही. ती लोखंडाची नाही, ती समजावून सांगण्यासाठी आली आहे. आणि ती अशा जागी आली आहे की पुढची गरम कडी नुसता दाखला होऊन बसते. वाचकाने हात लावून ओळखायचं ते त्याला दोन ओळी आधीच सांगितलेलं असतं. म्हणून सातपैकी एकही मला खटकली नाही आणि ही एक खटकली.

तरीही त्या दोन ओळी मी परस्पर कापल्या नाहीत. कवीने एखादी जागा समजावून सांगितली असेल तर तिथे त्याला कसली तरी भीती वाटलेली असते, आणि ती भीती अनेकदा रास्त असते. मी विचारलं, या दोन ओळी नसत्या तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, “लोकांना वाटेल बाबांना चोराची भीती आहे.” ही खरी अडचण होती. नुसतं कापलं असतं तर कविता नेमकी त्याच गैरसमजाकडे गेली असती. म्हणून मी एवढंच विचारलं की कडीचा आवाज झाल्यावर पुढे काय ऐकू येतं. चार दिवसांनी तिने जी ओळ पाठवली तीच तुम्हाला घुसवलेली वाटली:

काळोखात कडीचा आवाज होतो
मग बराच वेळ पावलांचा होत नाही

ही ओळ पूर्णपणे तिची आहे. मागच्या लेखात मी ते लिहिलं नाही, त्यामुळे तुमचा तसा समज होणं साहजिक होतं. कडी तपासून बाबा परत फिरत नाहीत, हात तिथेच ठेवून उभे राहतात. चोराला घाबरणारा माणूस कडी बघतो आणि जाऊन झोपतो. त्या उभं राहण्यातूनच शेवटची ओळ निघते.

शेवटच्या ओळीत ‘गरम’ऐवजी ‘कोमट’ करा, असं मी सुचवलं होतं. हाताची ऊब तेवढीच असते, असा माझा हिशोब. तिने साफ नकार दिला: “कोमट पाणी असतं.” बरोबर होतं तिचं. ‘गरम’ तसंच राहिलं.

अधिकाराबद्दल विचारलंत. मला अधिकार आहे तो विचारण्याचा. ओळ तोडून दाखवता येते, दोन रूपं शेजारी ठेवता येतात, मूळ प्रत कधीच खोडायची नाही, आणि प्रत्येक बदल सुटा ठेवायचा, म्हणजे कवीला एक घेऊन दुसरा परत करता येतो. ‘नाही’ची ओळ आज जोडताना बाकी कशालाही धक्का लागला नाही, तो त्यामुळेच. कवितेचा मधला भाग आता असा आहे:

कडी आईच लावायची
आता कडी मी लावते
आणि बाबांना माझ्या कडीचा भरवसा नाही
काळोखात कडीचा आवाज होतो
मग बराच वेळ पावलांचा होत नाही

जोडल्यावर दोन ओळी ‘नाही’वर संपू लागल्या, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. तो शेवट तसाच ठेवायचा का, हे तिला विचारलं आहे. ती मोठ्याने वाचून बघते म्हणाली.