पहिलं मूल मेजर आहे म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही

«१) आईबाबा दोघेही थॅलेसेमिया मायनर असतील तर चार मुलांपैकी एकालाच मेजर होतो. पहिलं मूल मेजर असेल तर पुढची तीन निश्चिंत. २) मेजर मुलाचं निरोगी भावंड मायनर असण्याची शक्यता निम्मीच असते. ३) ट्यूब टेस्ट ९५ टक्के मायनर पकडते, म्हणजे पॉझिटिव्ह आली की ९५ टक्के मायनर. खात्रीसाठी तीच टेस्ट पुन्हा करा, दोनदा आली की पक्कं. ४) मायनर हा आजार नाही, औषध लागत नाही. सर्वांना पाठवा.»

हा मजकूर माझ्या भाचीला तिच्या जाऊबाईंनी पाठवला. ती आणि तिचा नवरा दोघेही मायनर, मुलगा मेजर. त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मजकूर वाचून तिने मला फोन केला, "मामा, मग दुसऱ्या बाळाचा विचार करायला हरकत नाही ना?" जाऊबाईंचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण ज्याने हा हिशेब लिहिला त्याचा मला मनापासून राग आला आहे, कारण या हिशेबावर विसंबून घरात दुसरं मेजर मूल येऊ शकतं.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकाच्या मायनर माणसाकडे दोन प्रती असतात, एक चांगली आणि एक बिघडलेली. दोन्ही बिघडलेल्या आल्या तर मूल मेजर. यातली कोणती मुलाकडे जाईल, याची शक्यता निम्मी-निम्मी. आईकडून बिघडलेली येण्याची शक्यता १/२, बाबांकडून येण्याचीही १/२. आईकडून काय आलं याचा बाबांकडून काय येणार यावर काही परिणाम होत नाही. अशा स्वतंत्र घटना एकत्र घडण्याची शक्यता काढताना गुणाकार करायचा असतो: १/२ × १/२ = १/४. हा पाव भाग आला कुठून, ते एवढंच.

पण हा पाव भाग प्रत्येक गरोदरपणाचा आहे, कुटुंबाचा कोटा नव्हे. दुसऱ्या वेळी नवं स्त्रीबीज, नवा शुक्राणू. मागच्या खेपेला काय झालं याची नोंद त्यांच्यापाशी नसते. म्हणून पहिलं मूल मेजर असो वा ठणठणीत, दुसऱ्याची शक्यता पुन्हा १/४ च.

पुढच्या तिघांचंही गणित करून पाहू. एक मूल मेजर नसण्याची शक्यता ३/४. तिघंही मेजर नसण्याची ३/४ × ३/४ × ३/४ = २७/६४, म्हणजे साधारण ४२ टक्के. उरलेल्या ५८ टक्के वेळा त्या तिघांत किमान एक तरी मेजर असेल. ज्याला या मजकुरात निश्चिंती म्हटलं आहे, ती निम्म्याहून जास्त वेळा खोटी ठरते. उलट्या बाजूची चूकही मी ऐकली आहे, की दोन मुलं म्हणजे पाव अधिक पाव, निम्मा धोका. तेही चूक. बेरीज तेव्हाच सरळ करता येते, जेव्हा दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकत नाहीत. इथे दोन्ही मुलं मेजर असू शकतात, ती शक्यता (१/१६) दोनदा मोजली जाते, ती एकदा वजा करायला हवी. उत्तर ७/१६, सुमारे ४४ टक्के.

भाचीला मी सांगितलं ते असं: दुसऱ्या बाळाचा विचार जरूर करा, पण गरोदर राहण्याआधी दोघांच्या जनुकातला नेमका बिघाड तपासून ठेवा. मग साधारण अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा कणभर नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. आईबाबांमधला बिघाड आधी माहीत नसेल तर तो शोधण्यातच मोलाचे दिवस जातात.

दुसऱ्या मुद्द्याला फार वेळ नको. मूल जन्मण्याआधी मायनर असण्याची शक्यता निम्मी असते, हे खरं. पण भावंड मेजर नाही हे एकदा कळलं की गणित बदलतं. चार सारख्या शक्यतांपैकी एक मेजर, दोन मायनर, एक पूर्ण निरोगी. मायनर किंवा निरोगी यातलं काहीतरी एकच असू शकतं, म्हणून इथे बेरीज चालते: अर्धा अधिक पाव, पाऊण. मेजरचा पाव भाग बाद झाला. उरलेल्या पाऊण भागात मायनरचा अर्धा, म्हणजे तिनात दोन. लग्न ठरवताना निम्मी आणि दोन तृतीयांश यात बराच फरक पडतो.

तिसऱ्या मुद्द्यात दोन चुका आहेत. ट्यूब टेस्ट म्हणजे नेस्ट्रॉफ्ट. ०.३६ टक्के मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागची काळी रेघ दिसते का ते पाहतात. नेहमीच्या लाल पेशी फुटतात, पाणी नितळ होतं, रेघ दिसते. मायनर माणसाच्या पेशी फुटत नाहीत, पाणी गढूळ राहतं. स्वस्त आणि उपयोगी चाचणी आहे. पण लोहाची कमतरता असलेल्या माणसाच्या पेशीही तशाच टिकतात, आणि आपल्याकडे अशा बायका किती आहेत हे सांगायला नको.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात भारतातल्या मायनर लोकांचं प्रमाण ३ ते ४ टक्के दिलं आहे, काही समाजांत ते बरंच जास्त. आपण ४ धरू. दहा हजार लोक तपासले तर त्यात ४०० मायनर. चाचणी त्यातले ९५ टक्के पकडते, म्हणजे ३८०. उरलेल्या ९,६०० जणांत समजा १० टक्के चुकून पॉझिटिव्ह आले, तर ते ९६०. (हा दहाचा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे.) एकूण पॉझिटिव्ह १,३४०, खरे मायनर ३८०. म्हणजे शंभरात २८, ९५ नव्हे. मायनर असताना पॉझिटिव्ह येण्याची शक्यता आणि पॉझिटिव्ह आल्यावर मायनर असण्याची शक्यता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निगेटिव्ह आलेल्या ८,६६० जणांत मात्र फक्त २० मायनर निसटले. चाचणी चाळणी म्हणून चांगली आहे, निकाल म्हणून नाही.

आणि तीच टेस्ट पुन्हा करण्याचा सल्ला! दहा टक्के गुणिले दहा टक्के म्हणजे चुकीची शक्यता एक टक्का, असा विचार त्यामागे असावा. पण गुणाकार स्वतंत्र घटनांचा होतो. पहिल्या वेळी लोह कमी असल्यामुळे चुकलेली टेस्ट पुढच्या आठवड्यातही त्याच कारणाने चुकणार, रक्त तेच आहे. त्या ९६० मधले बहुतेक पुन्हा पॉझिटिव्ह येतील. अपत्यांच्या बाबतीत जे खरोखर स्वतंत्र आहे ते या मजकुराने जोडून टाकलं, आणि टेस्टच्या बाबतीत जे जोडलेलं आहे ते स्वतंत्र धरलं. खात्रीसाठी वेगळ्या पद्धतीची चाचणी हवी: एचपीएलसी, ज्यात हिमोग्लोबिन ए-२ मोजतात. मायनरमध्ये ते बहुधा ३.५ टक्क्यांच्या वर असतं. लोह फार कमी असेल तर हा आकडाही खाली येऊ शकतो, म्हणून तो काठावर आला तर लोह भरून काढून पुन्हा तपासावं लागतं.

चौथा मुद्दा बरोबर आहे, मान्य करावंच लागेल. मायनर माणूस नेहमीसारखं आयुष्य जगतो. पण त्याचं हिमोग्लोबिन थोडं कमी आणि पेशी लहान दिसतात, म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेत राहिलेले लोक मी पाहिले आहेत. फेरिटिन तपासून लोह खरंच कमी निघालं तरच त्या घ्याव्यात.