संस्कार, घडण आणि दोष : एक खुलासा

“जो जसा वाढला तसाच वागणार. मग त्याला दोष कसला द्यायचा?”

घडण तर प्रत्येकाचीच होते, प्रेमळ घरात वाढलेल्याचीही. तेवढीच सबब पुरली तर दोषाबरोबर कौतुकही बाद करावं लागेल. पाहायचं ते हे, की चूक ओळखण्याची आणि ओळखून थांबण्याची क्षमता त्या घडणीतून शाबूत राहिली का.

अमेरिकी तत्त्वज्ञ सुझन वुल्फ यांनी १९८७ मध्ये मांडलेला काल्पनिक जोजो घ्या. क्रूर हुकूमशहाचा हा लाडका मुलगा बापाचं पाहत मोठा होतो आणि लहर आली की माणसांना डांबतो, छळतो. जबरदस्ती कुणाची नाही, खंतही नाही. तरी वुल्फ त्याला जबाबदार धरत नाहीत, कारण यात काही गैर आहे हे त्याला दिसूच शकत नाही. (त्याला रोखायला हवंच, पण त्यासाठी तो दोषी असावा लागत नाही.)

मारझोडीत वाढलेला एखादा मात्र साहेबासमोर राग गिळतो, घरी हात उगारतो आणि सकाळी माफी मागतो. त्याला कळतंही आणि आवरताही येतं. बालपणामुळे त्याचा दोष सौम्य होईल, पुसला जाणार नाही. कृत्य नुसतं लपवणं हा मात्र कच्चा पुरावा. त्यातून शिक्षेची भीती दिसते, चुकीची जाण दिसतेच असं नाही.