पासबुकातले ५५० रुपये

‘पगारातून पीएफचे १,८०० कापतात, पण पीएफच्या पासबुकात कंपनीचे ५५०च दिसतात. बाकीचे कंपनीने खाल्ले!’

नाही, ते पेन्शनच्या रकान्यात आहेत. परवा विरार लोकलमध्ये शेजारच्या ताईंनी हाच मेसेज दाखवला, तेव्हा त्यांचंच पासबुक उघडून बघितलं. बेसिक १५,०००. Employee Share मध्ये १२ टक्क्यांप्रमाणे १,८००, Employer Share मध्ये ५५० आणि शेजारी Pension Contribution मध्ये १,२५०. शेवटचे दोन आकडे मिळवा, १,८०० होतात. कंपनीच्या वाट्यातून बेसिकच्या ८.३३ टक्के रक्कम पेन्शन योजनेत जाते. त्या रकमेवर मात्र व्याज मिळत नाही, हे लक्षात ठेवा. पुढे पेन्शन ठरते ती पगार आणि नोकरीच्या वर्षांवरून.

बेरीज जमली नाही, किंवा पगाराच्या स्लिपवर कपात असूनही त्या महिन्याची ओळच पासबुकात नाही, तर काळजी रास्त आहे. पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. ओळ उमटायला थोडे दिवस द्या. तरीही दिसली नाही, तर आधी एचआरला लेखी विचारा आणि मग पीएफ कार्यालयाच्या EPFiGMS या तक्रार पोर्टलवर तक्रार करा.

व्याजाचंही तसंच. ते दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात, पण जमा वर्षातून एकदाच करतात. २०२४-२५ साठी दर ८.२५ टक्के होता. वर्षाच्या सुरुवातीला लाख रुपये असतील, तर निव्वळ त्यांवर ८,२५० होतात. नोंद कधी कधी काही महिने उशिरा दिसते, पण त्यामुळे व्याज बुडत नाही.