पाच नंबरचा पंखा

आमच्या हॉलमधला पंखा चार नंबरापर्यंत अत्यंत सज्जन आहे. पाचवर गेला की त्याच्या अंगात येतं. दांडीसकट डोलायला लागतो आणि वर कुठेतरी टक्-टक्-टक् सुरू होतं. मे महिन्यात चारवर घामाने झोप येत नाही आणि पाचवर भीतीने. बाबांनी तर आपली गादी रोज वीतभर सरकवत चपलांच्या कपाटापर्यंत नेली होती.

शेजारच्या काकांनी चहाचा घोट घेत, वर न बघताच निदान केलं, "बेअरिंग गेलं." पण बेअरिंग गेलेला पंखा एकवरही घरघरतो, आणि बंद करून हाताने फिरवला तरी खरखर जाणवते. आमचा पंखा हाताने अगदी मऊ फिरत होता. म्हणजे दुखणं वेगाचं होतं.

वेगाचा हिशोब मोठा कपटी असतो. पाचवर असा पंखा मिनिटाला साधारण साडेतीनशे फेऱ्या मारतो. एका पात्यावर, मध्यापासून अर्ध्या मीटरवर, चार ग्रॅम वजन जास्त असलं तर ते पंख्याला पाव किलोहून जास्त जोराने आपल्याकडे ओढतं, आणि ही ओढ सेकंदाला सहा वेळा गोल फिरते. वेग निम्मा केला की ओढ पाव होते, म्हणजे जेमतेम सहा तोळे. चारवरची सज्जनता ती एवढीच.

रविवारी मेन स्विच बंद करून मी स्टुलावर चढलो. हिने स्टूल धरलं, बाबांनी धीर धरला. आधी वरची कटोरी उतरवून हुकाचा बोल्ट, त्यातली पिन आणि रबर पाहिलं. तिथे गडबड असती तर पुढचं काही न करता इलेक्ट्रिशियनला बोलावलं असतं. सगळं शाबूत होतं. फक्त कटोरीचा स्क्रू ढिला होता. पंखा डोलला की दांडी कटोरीला टिचकी मारत होती. म्हणजे टक्-टक् हा वेगळा आजार नव्हता, डोलण्याचंच ते पिल्लू.

मग पाती पुसली. वरच्या बाजूला धुळीचा असा थर होता की त्यात मेथी उगवली असती. धूळ तिन्ही पात्यांवर सारखी बसत नाही, आणि पुसणारा हात पुढची कडा तेवढी पुसतो. पात्यांचे स्क्रू आवळले. पंखा लावला. डोलणं कमी झालं, पण गेलं नाही.

"अरे, पाती एका पातळीत आहेत का बघ," बाबा कपाटाजवळून म्हणाले. छतापासून पात्याच्या टोकापर्यंत टेपने मोजायचं. मात्र टेप एकाच जागी धरायची आणि एकेक पातं फिरवून तिथे आणायचं, कारण आपली छतं काही सरळ नसतात. आकडे आले ३१.२, ३१.३ आणि ३३ सेंटिमीटर. तिसरं पातं पावणेदोन सेंटिमीटर खाली लोंबत होतं. घरात शांतता पसरली. पुतणीच्या बारशाला त्याच पात्याला फुगे बांधून मीच ते खाली ओढलं होतं. आता त्याच हातांनी, पातं जिथे मोटरला जोडतात त्या पट्टीपाशी धरून, हळूहळू वर दाबलं आणि ३१.४ वर आणलं. पातं मधेच धरून वाकवलं तर त्याला पीळ पडतो, आणि पीळ पडलेलं पातं कुठल्याच वजनाने सुधारत नाही.

उरलेल्या डोलण्यासाठी नाणं. एक रुपया, पात्याच्या वरच्या बाजूला मध्यावर, रुंद चिकटपट्टीने घट्ट. घट्टच, नाहीतर तो गोळीसारखा सुटेल. पहिल्या पात्यावर लावला, डोलणं वाढलं. दुसऱ्यावर लावला, तेवढंच राहिलं. तिसऱ्यावर लावताच निम्मं झालं, म्हणजे हलकं पातं हेच. मग त्याच पात्यावर नाणं दोन-दोन बोटं टोकाकडे सरकवत गेलो. दर वेळी पंखा थांबव, चढ, सरकव, उतर, पाचवर लाव. चौथ्या खेपेला पंखा जागच्या जागी फिरू लागला. हुकाला रबरावर टांगलेला असल्यामुळे किंचित झुलतो अजून, तेवढं झुलणारच. पाचर मारून तो घट्ट बसवायची काकांची सूचना मी नम्रपणे टाळली.

दोन रात्रींनी बाबांची गादी मूळ जागी आली.

पुढच्या रविवारी लग्नाला निघताना आहेराच्या पाकिटात पाचशेची नोट घातली, आणि वरचा एक रुपया घरभर शोधून सापडेना. हिने सावकाश छताकडे पाहिलं. मी रेग्युलेटरला पाठ लावून उभा राहिलो.