अर्धी ऑर्डर पाठवताना ग्राहकाला काय लिहायचं

कुडाळजवळ माझा घरगुती कोकम-फणसाचा धंदा आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात एका दुकानदाराला लिहिलेल्या मेलबद्दल सांगायचं आहे, कारण आपल्याकडे अर्धी ऑर्डर पाठवताना "बाकीचा माल लवकरच पाठवतो" एवढंच लिहायची पद्धत आहे, आणि ती मला मुळीच पटत नाही.

पुण्याच्या या दादांनी १२ मे २०२५ ला पूर्ण पैसे भरून ऑर्डर दिली होती. आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या ३० बाटल्या, अर्ध्या किलोची सोलांची २४ पाकिटं आणि ४० फणसपोळ्या. आगळ तयार होतं. बाकीचं जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऊन मिळेल या हिशेबाने घेतलं होतं. पण २० तारखेपासूनच पाऊस लागला, २५ ला मान्सून देवगडपर्यंत आला आणि २६ ला मुंबईत पोचलासुद्धा. सोलांना तीन पुटं झाली होती. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची सालं रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं आमच्याकडे पाच वेळा करतो. बोटांत दुमडून दाबलं की साल चिकटत होतं. असा माल पिशवीत भरला तर पुण्याला पोचून आठवड्यात त्याला बुरा येणार. फणसपोळ्या फक्त १६ वाळल्या होत्या.

भाच्याने मेल लिहून दिला: "अपरिहार्य कारणास्तव उर्वरित माल पाठवण्यास विलंब होत आहे. सहकार्याबद्दल आभार." मी तो पाठवू दिला नाही. हे वाचून दुकानदाराने काय करायचं? त्याच्याही दारात गिऱ्हाईक उभं असतं. आणि मुख्य म्हणजे सोलं उशिरा येणार होती, पण राहिलेल्या फणसपोळ्या येणारच नव्हत्या. दोन्हीला 'विलंब' म्हणणं मला खोटं वाटतं. तारीख देता येते तोच माल शिल्लक ऑर्डरमध्ये ठेवावा. देता येत नाही त्याचे पैसे परत करावेत.

म्हणून आधी तारीख शोधली. शेजारच्या गावातल्या बचत गटाकडे विजेवरचा ड्रायर आहे. त्यांनी ३ जूनची पाळी दिली. उरलेली दोन पुटं, वाळवण, निववणं आणि पॅकिंग धरून ६ तारीख येत होती. पावसात आमच्याकडे वीज जाते, म्हणून तीन दिवस वाढवून ९ जून धरली. दादांना ६ सांगून ९ ला पाठवण्यापेक्षा हे बरं.

२८ मे ला पार्सल कुरिअरला देताच मेल पाठवला. खोका उघडल्यावर माल कमी दिसावा आणि मेल नंतर मिळावा, हे एकदा माझ्याकडून झालं होतं. ते गिऱ्हाईक परत आलं नाही. मेलच्या विषयातच लिहिलं होतं: "आगळ आणि १६ फणसपोळ्या आज निघाल्या, सोलं ९ जूनला, २४ फणसपोळ्या यंदा नाहीत". पुढचा मजकूर असा:

"नमस्कार दादा, आज ३० बाटल्या आगळ आणि १६ फणसपोळ्या पाठवल्या आहेत, शुक्रवारी ३० तारखेला मिळतील. बिल एवढ्याच मालाचं केलं आहे. पाऊस लवकर आल्यामुळे सोलं वाळायची राहिली. ती ड्रायरवर वाळवून ९ जूनला निघतील, ११ ला पोचतील, दुसऱ्या पार्सलचं भाडं आमचं. थांबायचं नसेल तर गेल्या वर्षीची सोलं उद्या पाठवू शकते. रंगाने काळपट आहेत, चवीला चांगली आहेत, पाकिटामागे ४० रुपये कमी लावेन. दोन्ही नको असेल तर सोलांचे ७,२०० रुपये परत करते. २४ फणसपोळ्या आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होणार नाहीत, त्यांचे २,८८० रुपये आजच तुमच्या खात्यावर पाठवले आहेत. शनिवारी ३१ ला संध्याकाळपर्यंत कळवा. उत्तर नाही आलं तर सोलं ९ जूनला पाठवेन. त्यात बदल झाला तर ७ तारखेला मी स्वतः फोन करेन."

भाचा म्हणाला, "आत्या, उत्तर नाही आलं तर काय, हे कशाला लिहायचं?" कारण दुकानदार गडबडीत असतो. त्याने उत्तर दिलं नाही म्हणून माल आमच्या घरी पडून राहायला नको, आणि न विचारता जुना माल त्याच्या गळ्यात पडायला नको. बिलाचंही तसंच आहे. सगळ्या ४० पोळ्यांचं बिल दिलं असतं तर त्याच्या वहीत स्टॉक एक आणि फळीवर दुसराच.

तासाभरात दादांचा फोन आला. मी तीन पर्याय दिले होते, त्यांनी चौथाच काढला: "ताई, १२ पाकिटं जुनी उद्या पाठवा, १२ नवी ९ तारखेला." १२ पाकिटांचे ४८० रुपये लगेच परत केले. ड्रायरच्या गावात दोन रात्री वीज नव्हती, त्यामुळे शेवटचं पाकीट ८ तारखेला रात्री भरलं. ९ ला सकाळी पार्सल निघालं.