१,२०० रुपयांचा पेशंट आणि १,९०० रुपयांचा खर्च

"दहा खाटांच्या वॉर्डात एका पेशंटचा दिवसाचा खर्च १,९०० पडतो. १,२०० नी भरती केली की ७०० चा घाटा. जितके पेशंट जास्त तितका घाटा जास्त. त्यापेक्षा पेशंटला एक दिवस आधी सोडा."

या दाव्यातली पहिली चूक त्या १,९०० मध्येच आहे. तालुक्याच्या गावातला असा वॉर्ड धरू. सिस्टर, आया, रात्रीचे डॉक्टर, जागेचं भाडं, मशीनचे हप्ते, जैविक कचऱ्याचं महिन्याचं बिल असं सगळं मिळून महिन्याला १,८०,०००. एकही पेशंट नसला तरी हा स्थिर खर्च द्यावाच लागतो. सलाईन, आयव्ही सेट, सिरिंज, हातमोजे, तपासण्या, जेवण, चादरींची धुलाई हा खर्च मात्र पेशंट आला तरच होतो. तो दिवसाला सरासरी ४००.

मे महिन्यात वॉर्ड ओस पडतो. एका पेशंटचा खाटेवरचा एक दिवस म्हणजे एक रुग्णदिवस. असे १२० भरले, तर १,८०,००० चा वाटा १,५०० येतो आणि एकूण १,९०० होतात. पोळ्यानंतर तापाची साथ येते, फवारणीची विषबाधा झालेले मजूर येतात. तेव्हा २४० दिवस भरले की तोच वाटा ७५० वर येतो आणि खर्च १,१५० होतो. म्हणजे १,९०० हा आकडा रिकाम्या खाटांमुळे आला आहे.

आता घाट्याचं बघा. मे महिन्यात १,२०० च्या दरानं ८४,००० चा घाटा आहे, हे खरंच. पण त्यातले २० रुग्णदिवस नाकारले तर तो १,००,००० होतो, कारण प्रत्येक दिवसामागे ८०० रुपये स्थिर खर्चाला लागत होते. महिन्याला २२५ रुग्णदिवस भरले, म्हणजे रोज साडेसात खाटा, की हिशोब बरोबरीत येतो.

लवकर सोडण्यात बचतही फारशी नाही. तीन दिवसांच्या मुक्कामात पहिल्या दिवशी तपासण्या आणि सलाईन धरून ७०० लागतात, पुढचे दोन दिवस २५० च्या आसपास. शेवटचा दिवस कापला की २५० वाचतात आणि १,२०० चं बिल जातं. खाटेसाठी दुसरा पेशंट ताटकळत असेल तेव्हाच पैशाचा फायदा होऊ शकतो, आणि तेव्हाही पेशंटला घरी सोडायचं की नाही हे त्याच्या तब्येतीवरच ठरलं पाहिजे.

या दाव्यात एक गोष्ट खरी निघू शकते. आठ-नऊ खाटा सतत भरल्या की रात्रीची एकच सिस्टर पुरत नाही. दुसरी ठेवली की स्थिर खर्च एकदम १६,००० नी चढतो आणि तो भरून काढायला महिन्याला आणखी २० रुग्णदिवस लागतात. आठवडाभराच्या गर्दीसाठी कायमची नेमणूक परवडत नाही, तिथे रोजंदारीवर रात्रपाळी बरी.

तुमचा आकडा काढण्याआधी रजिस्टर तपासा. मध्यरात्री खाटेवर असलेले पेशंट मोजायचे. ५ तारखेला भरती आणि ८ ला सुट्टी म्हणजे तीन दिवस. दोन्ही टोकं धरून चार लिहिले, तर खर्च कागदावर उगाच कमी दिसतो.